बँकेने ठराव परत पाठवला: तारीख, सह्यांचे अधिकार आणि विरोध करणारे तिसरे संचालक

शिरोली_हिशेब (१७ जून, सकाळी)

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका खासगी कंपनीत मी हिशेब बघतो. कास्टिंग बाहेरून येतं, आमच्याकडे मशीनिंग होतं. संचालक तीन: दोघे सख्खे भाऊ आणि त्यांचे चुलतभाऊ. चुलतभाऊ पुण्यात राहतात, कामात लक्ष घालत नाहीत, पण संचालक आहेत आणि त्यांचे शेअर्सही आहेत.

दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनिंगची यंत्रं घ्यायची आहेत. बँकेने १ कोटी ८० लाखांचं मुदत कर्ज मंजूर केलं आणि कॅश क्रेडिटची मर्यादा ६० लाखांवरून १ कोटी केली. मंजुरीपत्र १२ जूनचं आहे. संचालक मंडळाचा ठराव सल्लागाराच्या ऑफिसातून तयार होऊन आला, तो तसाच सही-शिक्क्यानिशी बँकेत दिला. काल तो परत आला. बँकेचे शेरे दोन. एक, सभेची तारीख ५ जून आहे, पण ठरावात १२ जूनच्या मंजुरीपत्राचा क्रमांक आहे. दुसरा, "संचालक संयुक्तपणे किंवा स्वतंत्रपणे सर्व कागदपत्रांवर सह्या करतील" असं लिहिलंय, त्यात कोण, कशावर, किती रकमेपर्यंत ते स्पष्ट करा.

कागदपत्रांवर सह्या २७ जूनला ठरल्यात. मशीनवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची आहे, मालक घाईत आहेत. तारीख बदलून तोच ठराव पुन्हा छापला तर चालेल का? आणि सह्यांचं कलम नेमकं कसं लिहायचं?

उद्यमनगर_टर्नर (१७ जून, सकाळी)

भावा, तारीख १३ टाक आणि दे की. आमच्याकडं आजवर असंच चालत आलंय, कोण बघतंय सभा झाली का न्हाई. घरचीच कंपनी, जेवताना बोलणं झालं म्हणजे सभाच झाली. बँकेला कागद पाहिजे, कागद द्यायचा.

रंकाळा_सीएस (१७ जून, दुपारी)

तारीख बदलू नका. मी कंपनी सचिव म्हणून काम करते आणि असे ठराव वर्षभर हातात येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ठराव हा सभेत काय घडलं त्याचा पुरावा असतो. ५ तारखेला सभा झालीच असेल, तर त्या दिवशी मंडळासमोर मंजुरीपत्र नव्हतं; मग मंडळाने मंजूर काय केलं? आणि सभा झालीच नसेल, तर १३ तारीख टाकून न झालेली सभा कागदावर उभी राहते. इतिवृत्तात खोटा फेरफार केल्याचं सिद्ध झालं तर कंपनी कायद्याच्या कलम ११८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते १ लाख रुपये दंड आहे. तेही बाजूला ठेवा. तुमचे तिसरे संचालक पुण्यात बसलेत आणि कामात नाहीत म्हणता. उद्या त्यांनी "मला नोटीसच आली नाही, १३ तारखेला मी कोल्हापुरात नव्हतो, सभा झालीच नाही" असं लिहून दिलं तर कर्जाच्या सगळ्या कागदांचा पाया हलतो.

हे काम जेवणाच्या ताटावर का होत नाही, तेही सांगते. कंपनीसाठी पैसे उभे करण्याचा अधिकार कलम १७९ प्रमाणे मंडळाने सभेत ठराव करूनच वापरायचा असतो. बरेच लोक कागद फिरवून सगळ्यांच्या सह्या घेतात. इतर काही विषयांना ती पद्धत चालते, कर्ज घेण्याला चालत नाही.

तुमच्याकडे वेळ आहे. आज १७ आहे. आज तिन्ही संचालकांना ईमेलने नोटीस पाठवा, सभा २५ जूनला ठेवा. मध्ये पूर्ण सात दिवस मिळतात. नोटिशीचा आणि सभेचा दिवस धरायचा नाही, म्हणजे कोणाला शंका काढायला जागा राहत नाही. ईमेल कंपनीकडे नोंदवलेल्या पत्त्यावरच जाऊ द्या. नोटिशीत विषय स्पष्ट लिहा, मंजुरीपत्राची प्रत आणि ठरावाचा मसुदा सोबत जोडा. पुण्याच्या संचालकांना व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहता येईल असं लिहून जोडणीची माहिती द्या. ते आले नाहीत तरी हरकत नाही. तीन संचालकांत दोघे हजर असले की गणपूर्ती होते. पण नोटीस मात्र तिघांनाही गेलीच पाहिजे. येणार नाही असं माहीत असलेल्या माणसाची नोटीस वगळणं, ही घरच्या कंपन्यांत सर्रास दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट आहे.

राजारामपुरी_सुनंदा (१७ जून, दुपारी)

माझ्या भावाच्या कंपनीतही हेच झालं होतं. त्याने स्वतःचे १२ लाख कंपनीला कर्ज म्हणून दिले, तर ऑडिटर म्हणाले संचालकाकडून लेखी घ्या की हे पैसे उसने आणून दिलेले नाहीत. तुमच्या मालकांनीही तसं लिहून दिलंय का? नाहीतर ती रक्कम ठेव धरतात म्हणे.

रंकाळा_सीएस (१७ जून, दुपारी)

सुनंदाताई, तुमच्या भावाच्या बाबतीत ऑडिटर बरोबर बोलले. संचालकाने कंपनीला पैसे देताना ते स्वतःचे आहेत, कर्जाऊ आणलेले नाहीत असं घोषणापत्र द्यावं लागतं, नाहीतर ठेवींचे नियम लागू होतात. इथे मात्र पैसे बँक देते आहे, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. मशीनसाठी भावांनी आपल्या हिश्श्याची रक्कम कंपनीत उसनी म्हणून भरली, तर तेवढ्यापुरतं ते घोषणापत्र लागेल. बँका मशीनची पूर्ण किंमत देत नाहीत, तेव्हा शिरोलीकरांनी हे विचारून ठेवावं.

निवृत्त_शाखाधिकारी (१७ जून, संध्याकाळी)

मी अनेक वर्षं कर्जविभागात काढली. सर्वांनी एक मोठी गोष्ट सोडली आहे. नुसत्या संचालक मंडळाच्या ठरावाने हे कर्ज घेता येणार नाही. भरणा झालेलं भागभांडवल, मुक्त राखीव निधी आणि सिक्युरिटीज प्रीमियम यांच्या बेरजेपेक्षा कर्ज जास्त होत असेल तर कलम १८० प्रमाणे भागधारकांचा विशेष ठराव लागतो. आमच्या तपासयादीत तो कागद पहिल्या पानावर असायचा. तुमचे आकडे सांगा.

शिरोली_हिशेब (१७ जून, संध्याकाळी)

साहेब, भागभांडवल ५० लाख आणि राखीव निधी ९५ लाख. म्हणजे १ कोटी ४५ लाख.

बँकेच्या पत्रातही खाली "विशेष ठराव, लागू असल्यास" अशी ओळ आहे. मी दुर्लक्ष केलं होतं. पण विशेष ठराव म्हटलं तर आमची अडचण मोठी आहे. दोन्ही भावांचे ३५-३५ टक्के, चुलतभावांचे ३० टक्के. त्यांना आज फोनवर सभेचं सांगितलं, तर ते म्हणाले, "मला कर्ज वाढवायचंच नाही, मी विरोध करणार आणि हमीपत्रावर सहीही करणार नाही." मंजुरीपत्रात तिन्ही संचालकांची वैयक्तिक हमी मागितली आहे.

रंकाळा_सीएस (१७ जून, रात्री)

आता खरा प्रश्न समोर आला. साहेबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

कलम १८० मध्ये साहेबांनी सांगितलेली मर्यादा आहे. त्यातही बँकेकडून नेहमीच्या व्यवहारात घेतलेली तात्पुरती कर्जं धरत नाहीत, आणि कॅश क्रेडिट त्यात मोडतं. म्हणजे तुमचं १ कोटी बाजूला काढा. उरलं मुदत कर्ज १ कोटी ८० लाख, समोर १ कोटी ४५ लाख. कलम लागू असतं तर विशेष ठराव नक्की लागला असता. पण ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने खासगी कंपन्यांना हे कलम लागूच नाही. साहेबांची तपासयादी २०१४-१५ च्या सुमाराची असेल तर त्या वेळी ती योग्यच होती.

तुमच्या कंपनीत हा फरक जीवनमरणाचा आहे. मंडळात साध्या बहुमताने काम होतं: दोन विरुद्ध एक, ठराव मंजूर. विशेष ठरावाला मात्र विरोधातल्या मतांच्या तिप्पट मतं बाजूने लागतात, म्हणजे पाऊण हिस्सा. दोघा भावांचे मिळून ७० टक्के. चुलतभाऊ विरोधात गेले की विशेष ठराव पडला. तेव्हा "बँक मागते तर देऊन टाकू, एक कागद जास्त" असं म्हणून भागधारकांची सभा बोलावू नका. गरज नसताना बोलावलीत, तर तुम्ही स्वतःच त्यांच्या हातात नकाराधिकार द्याल, आणि एकदा पडलेला विशेष ठराव बँकेला कळला की बँक पुढे जाणार नाही.

पण एक गोष्ट आधी तपासा. १३ जून २०१७ ला त्या सवलतीला अट जोडली गेली. ज्या खासगी कंपनीने वार्षिक हिशेब किंवा वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे दाखल करण्यात कसूर केलेली नाही, तिलाच ही सवलत मिळते. तुमचे हिशेब आणि विवरणं वेळेत दाखल आहेत ना?

निवृत्त_शाखाधिकारी (१७ जून, रात्री)

सवलतीचं मान्य करतो, ते माझ्या निवृत्तीनंतरचं आहे. पण बँक हे का मागते ते लोकांना कळावं म्हणून लिहितो. त्याच कलमात म्हटलंय की मर्यादेबाहेर घेतलेलं कर्ज वैध नाही, जोवर देणारा हे सिद्ध करत नाही की त्याने सद्भावनेने आणि मर्यादा ओलांडल्याचं माहीत नसताना दिलं. बँकेकडे तर कंपनीचा ताळेबंद असतो. माहीत नव्हतं असं बँक कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून बँकेचा वकील हा कागद सोडत नाही. खासगी कंपनीला लागू नाही हे त्याला लेखी दिलं तर तो मानेल, तोंडी मानणार नाही.

शिरोली_हिशेब (१८ जून, सकाळी)

तपासलं. एक वर्ष सोडून बाकी सगळं वेळेत. २०२१-२२ चे हिशेब जवळजवळ चार महिने उशिरा दाखल झालेत, जादा शुल्क भरून. आज काहीही बाकी नाही. मग आम्ही कसूर केली असं धरायचं का?

रंकाळा_सीएस (१८ जून, दुपारी)

यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंची माणसं जाणकार आहेत. एक मत असं की उशीर झाला त्याच दिवशी कसूर घडली, ती नंतर भरण्याने पुसली जात नाही. दुसरं मत असं की सवलत वापरण्याच्या दिवशी काही बाकी नसेल तर कसूर उरत नाही. मी स्वतः दुसऱ्या मताची आहे. कारण पहिलं मत धरलं तर एकदा चार दिवस उशीर झालेली कंपनी कायमची सवलतीबाहेर जाईल, आणि असा अर्थ काढायला अधिसूचनेतले शब्द पुरेसे वाटत नाहीत. पण माझं वाटणं बँकेच्या वकिलावर बंधनकारक नाही. बाहेरच्या कंपनी सचिवाकडून या एका मुद्द्यावर लेखी अभिप्राय घ्या, त्यात २०२१-२२ चा उशीर लपवू नका, आणि तो २५ तारखेच्या आधी बँकेला दाखवा. वकिलाने पहिलं मत धरलं तर चुलतभावांशी बोलणं हाच मार्ग उरतो.

उद्यमनगर_टर्नर (१८ जून, दुपारी)

ताई, तुमचं पटलं. काल मी जे लिहिलं ते आमच्या दोघा नवरा-बायकोच्या कंपनीपुरतं चाललं असंल, तिथं भांडायला तिसरं कोण न्हाई. पर माझं एक सांगतो. आमचं वडील गेलं तेव्हा दोन बँकांत खाती होती. एका बँकेत नवीन सहीसाठी ठराव दिला, त्यात लिहून आलं होतं "यापूर्वीचे सर्व ठराव रद्द". तो ठराव दुसऱ्या बँकेच्या हातात पडला आणि त्यांनी आमच्या पगाराच्या खात्याचं चेक थांबवलं. म्हणाले, तुमच्याच ठरावानं आमच्याकडच्या सह्या रद्द झाल्या. गड्यांचा पगार आठवडाभर लटकला. तवा ते वाक्य बघून घाला.

रंकाळा_सीएस (१८ जून, रात्री)

टर्नरदादांनी सांगितलेलं सगळ्यांनी लक्षात ठेवावं. बँकांच्या छापील नमुन्यात ते वाक्य असतंच. "या बँकेतील अमुक क्रमांकाच्या कॅश क्रेडिट खात्यापुरता, अमुक तारखेचा ठराव या ठरावाने बदलण्यात येत आहे" एवढंच लिहायचं.

आता सह्यांचं कलम. "संयुक्तपणे किंवा स्वतंत्रपणे" ही शब्दजोडी बँकेला अडते, कारण तिच्यातून दोन्ही अर्थ निघतात. एकाच ठरावात चार वेगळी कामं असतात आणि प्रत्येकाचा धोका वेगळा असतो. कर्जकरार, नजरगहाण म्हणजे ताबा कंपनीकडेच ठेवून दिलेलं तारण, आणि गहाण यांच्या कागदांवरची सही कंपनीला बरीच वर्षं बांधते. रोजचे चेक आणि आरटीजीएस ही दुसरी गोष्ट. दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट ही तिसरी. तिथे हिशेब बघणाऱ्या माणसाला अधिकार दिला नाही, तर मालक दौऱ्यावर असताना स्टेटमेंट उशिरा जातं आणि खात्यातून उचल कमी होते. चौथं, तारणाचा बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदवण्याचा अर्ज, तिथे ज्याची डिजिटल सही चालू आहे त्याचंच नाव हवं. नाव टाकण्याआधी सहीची मुदत संपलेली नाही ना ते बघा.

मी मसुदा देते. अ म्हणजे थोरले भाऊ, ब धाकटे, क तुमचे पुण्याचे संचालक, ह म्हणजे तुम्ही स्वतः. प्रत्येकाचं नाव पॅनवर आहे तसंच्या तसं आणि संचालकांच्या नावासोबत डिन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक लिहा. एकीकडे आद्याक्षर आणि दुसरीकडे पूर्ण नाव असलं तरी कागद परत येतो.

"ठराव करण्यात येतो की, कंपनी कायदा २०१३ चे कलम १७९ आणि कंपनीची नियमावली यांस अनुसरून, ____ बँकेच्या दि. १२ जून रोजीच्या मंजुरीपत्र क्र. ____ नुसार दोन व्हीएमसी यंत्रांच्या खरेदीसाठी रु. १,८०,००,०००/- चे मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलासाठी रु. १,००,००,०००/- पर्यंतची कॅश क्रेडिट मर्यादा (सध्याची रु. ६०,००,०००/- ची मर्यादा धरून) घेण्यास मंडळ मंजुरी देत आहे. सदर मंजुरीपत्र सभेपुढे ठेवण्यात आले आणि ओळखीसाठी त्यावर अध्यक्षांनी आद्याक्षरी केली.

पुढे ठराव करण्यात येतो की, सदर कर्जांच्या तारणासाठी उपरोक्त यंत्रे, कच्चा माल, तयार माल व येणे रकमा यांचे नजरगहाण आणि शिरोली येथील भूखंडावरील भाडेपट्ट्याच्या हक्काचे गहाण, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची संमती मिळाल्यावर, बँकेच्या लाभात करण्यात यावे.

पुढे ठराव करण्यात येतो की, कर्ज व तारणाच्या कागदपत्रांवर श्री. अ आणि श्री. ब यांनी दोघांनी मिळून सही करावी. रकमेत, व्याजदराच्या आधारात, मुदतीत किंवा तारणात बदल करणारा कोणताही कागद मंडळाच्या नव्या ठरावाशिवाय स्वीकारू नये. अन्य किरकोळ दुरुस्त्या त्या दोघांनी मिळून स्वीकाराव्यात. कॅश क्रेडिट खात्यातून रु. ५,००,०००/- पर्यंतची रक्कम श्री. अ किंवा श्री. ब यांपैकी कोणीही एकाने, आणि त्यावरील रक्कम दोघांनी मिळून काढावी. मासिक स्टॉक स्टेटमेंटवर श्री. ह यांनी एकट्याने सही करावी. त्यांना पैसे काढण्याचा अधिकार नाही. बोजा नोंदणीच्या अर्जावर श्री. ब यांनी डिजिटल सही करावी. हे अधिकार मंडळ ते काढून घेईल आणि तसे बँकेला लेखी कळवील तोपर्यंत लागू राहतील.

पुढे ठराव करण्यात येतो की, या ठरावाची प्रमाणित प्रत देण्याचा अधिकार श्री. अ यांना आहे."

पाच लाखांचा आकडा मी अंदाजाने टाकला. तुमच्या रोजच्या खरेदीची बिलं बघून ठरवा. "बँक घालील त्या सर्व अटी स्वीकारण्याचा अधिकार" असं वाक्य छापील नमुन्यात असतं. ते मी मुद्दाम टाळलं, विशेषतः एक संचालक नाराज असताना. बँकेचा नमुना इंग्रजीत असेल तर इंग्रजी प्रतीतही अर्थ याच पद्धतीने बांधून घ्या.

शिरोली_हिशेब (१९ जून, सकाळी)

ताई, फार मोलाचं दिलंत. नोटीस १७ लाच संध्याकाळी तिघांनाही गेली. मला अजून तीन शंका आहेत. क यांचा विरोध इतिवृत्तात कसा लिहायचा? ते बराच वेळ बोलतील, सगळं उतरवायचं का? त्यांच्या हमीचं काय? आणि २७ ला सह्या म्हणजे सभेनंतर दोन दिवसांत इतिवृत्त पक्कं करून बँकेला द्यायचं, ते कसं जमणार?

रंकाळा_सीएस (१९ जून, संध्याकाळी)

शेवटच्यापासून सुरू करते, कारण ते सोपं आहे. इतिवृत्ताचा मसुदा सभेनंतर १५ दिवसांत संचालकांना पाठवायचा, त्यांनी ७ दिवसांत म्हणणं कळवायचं, आणि ३० दिवसांत ते इतिवृत्त-पुस्तकात उतरायचं. बँक तेवढं थांबत नाही. म्हणून सचिवीय मानक एसएस-१ मध्ये सोय आहे: इतिवृत्ताचा उतारा पुस्तकात नोंद झाल्यावरच द्यायचा, पण ठरावाचा मजकूर सभेपुढे ठेवला असेल तर त्या ठरावाची प्रमाणित प्रत आधीही देता येते. म्हणूनच मी मसुदा नोटिशीसोबत पाठवायला सांगितलं. सभेत मजकूर बदलला तर बदललेला मजकूर वाचून, त्यावर अध्यक्षांची आद्याक्षरी घेऊन तोच द्या. बँकेच्या प्रतीतला आणि पुस्तकातला मजकूर शब्दाला शब्द जुळला पाहिजे. पानांना सलग क्रमांक, प्रत्येक पानावर आद्याक्षरी, शेवटच्या पानावर तारीख आणि अध्यक्षांची सही. छापील कागद पुस्तकात डिंकाने चिकटवायचा नाही, नियमात स्पष्ट मनाई आहे.

विरोधाबद्दल. इतिवृत्त म्हणजे भाषणाची नोंद नव्हे. सभा किती वाजता सुरू झाली, कोण प्रत्यक्ष आणि कोण व्हिडिओवर हजर, अध्यक्ष कोण, विषय काय, कोणता कागद पुढे ठेवला, थोडक्यात कारण आणि निर्णय. क यांच्यासाठी एक ओळ पुरते: "श्री. क यांनी सध्याच्या कर्जभारात वाढ करू नये, या कारणास्तव ठरावास विरोध नोंदवला. ठराव बहुमताने मंजूर झाला." त्यांनी दिलेलं कारण त्यांच्याच अर्थाने लिहा, सौम्य करू नका, धार लावू नका. "सर्वानुमते" हा शब्द जुन्या नमुन्यातून चुकून येतो, तो शोधून काढा. तेवढ्या एका शब्दाने अख्खं इतिवृत्त खोटं ठरवता येतं.

हमीचं मात्र मंडळाच्या हातात नाही. वैयक्तिक हमी हा त्या माणसाचा आणि बँकेचा करार आहे. मंडळ कंपनीला बांधू शकतं, क यांच्या घराला बांधू शकत नाही. आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. मंजुरीपत्रात तिघांची हमी ही अट आहे. ती तशीच ठेवून मंडळाने मंजुरीपत्र स्वीकारलं, तर पूर्ण होऊ न शकणारी अट कंपनीने मान्य केली असं होतं. मग बँक एकतर उचल रोखते किंवा पुढे कधीतरी अटभंग म्हणून बोट ठेवते. तेव्हा २५ च्या आधी बँकेकडे जा, क हमी देणार नाहीत हे स्पष्ट सांगा आणि सुधारित पत्र मागा. मिळालं तर ठरावात दोन्ही पत्रांचे क्रमांक आणि तारखा घाला.

निवृत्त_शाखाधिकारी (१९ जून, रात्री)

सुधारित पत्र शाखेच्या पातळीवर मिळत नाही, ज्या अधिकाऱ्याने मंजूर केलं त्याच्याकडेच जातं. ३० टक्के धारण असलेला संचालक हमी देत नाही म्हटल्यावर बँक एकतर जादा तारण मागेल किंवा दर वाढवेल. भावांनी तयारी ठेवूनच जावं. अट सोडून द्या एवढंच म्हणत गेलात तर फाइल पडून राहील.

उद्यमनगर_टर्नर (१९ जून, रात्री)

क साहेबांना कुणी नीट बसून विचारलंय का, त्यांना कर्ज का नकोय? न्हाईतर त्यांचे शेअर्स विकत घ्यायचं बोलणं काढा. ३० टक्के धरून ठेवायचे आणि सही करायची न्हाई, हे किती दिवस चालणार?

शिरोली_हिशेब (२६ जून, सकाळी)

सगळ्यांना कळवतो. सभा काल झाली. क व्हिडिओवर हजर होते, विरोध नोंदवला, ठराव दोन विरुद्ध एक मंजूर. टर्नरदादा, थोरले मालक परवा पुण्याला जाऊन त्यांच्याशी बोलले. शेअर्सची किंमत काढण्यापर्यंत बोलणं आलंय, पुढे काय होतं बघू.

बँकेने सुधारित पत्र २४ ला दिलं. क यांची हमी काढली आणि त्याऐवजी धाकट्या मालकांच्या राहत्या घराचं तारण मागितलं. वहिनींशी बोलून त्यांनी होकार दिला. दोन्ही पत्रांचे क्रमांक ठरावात घातले. बँकेच्या वकिलांनी कलम १८० चा अभिप्राय वाचला, पण २०२१-२२ च्या उशिराबद्दल अजून निर्णय दिलेला नाही. तोवर फक्त कॅश क्रेडिटची वाढ चालू करतो म्हणाले, मुदत कर्जाची उचल थांबवली आहे. मशीनवाल्याकडून पंधरा दिवस मागून घेतले. कॅश क्रेडिटच्या कागदांवर उद्या सह्या आहेत.

एकच विचारायचंय. बोजा नोंदवायचे ३० दिवस उद्यापासून मोजायचे का मुदत कर्जाची उचल झाल्यापासून? आणि एमआयडीसीची संमती यायला वेळ लागणार आहे.

रंकाळा_सीएस (२६ जून, दुपारी)

उचलीशी संबंध नाही. ज्या दिवशी तारणाच्या कागदावर सही होते, त्या दिवसापासून. उद्या २७ जूनला वाढीव मर्यादेच्या नजरगहाणाच्या कागदावर सह्या झाल्या, तर बोजा नोंदणीचा सीएचजी-१ अर्ज २७ जुलैपर्यंत गेला पाहिजे. त्यानंतर आणखी ३० दिवस जादा शुल्कासह मिळतात, त्यापुढचे दिवस मिळाले तरी शुल्क फार वाढतं. जुन्या ६० लाखांचा बोजा नोंदलेला असणार, त्यामुळे हा अर्ज त्यातल्या बदलाचा म्हणून जाईल. जुन्या बोज्याचा क्रमांक निबंधकाच्या पोर्टलवर बघून ठेवा. यंत्रांचं नजरगहाण आणि भूखंडाचं गहाण जेव्हा होईल तेव्हा त्या त्या तारखेपासून वेगळे ३० दिवस. ठरावात दोन्हींचा अधिकार आधीच दिलेला आहे, त्यासाठी नवी सभा नको.

धाकट्या मालकांचं घर ही त्यांची स्वतःची मालमत्ता आहे. तिचा बोजा कंपनीच्या नावावर नोंदवायचा नाही. अर्ज भरणाऱ्याला हे आधीच सांगा. आणि वकिलांचं उत्तर आलं की इथे नक्की लिहा, कोणतं मत धरलं ते मलाही जाणून घ्यायचं आहे.